टेकू मोबाइल स्टँड आणि कप्पे डेस्क ऑर्गनायझर: थ्रीडी प्रिंट केलेले, अकोल्याच्या उन्हाचा विचार करून

फोन ठेवायचा 'टेकू' आणि टेबलावरचा पसारा आवरायचे 'कप्पे'. दोन्ही आम्ही, म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ, अकोल्यात घरीच डिझाइन करतो आणि घरच्याच दोन मशीनवर छापतो. पीएलए आणि पीईटीजी अशा दोन प्रकारच्या प्लास्टिकमध्ये मिळतात. सुटे घ्या किंवा जोडीने.

किंमत (सर्व करांसह)
टेकू: पीएलए २४९ रुपये, पीईटीजी २९९ रुपये
कप्पे: पीएलए ६४९ रुपये, पीईटीजी ७४९ रुपये
जोडी: पीएलए ८४९ रुपये, पीईटीजी ९९९ रुपये
नावाची पट्टी: ६० रुपये
प्रत्येक पाकिटात १ नग, जोडीत २ नग. भारतात बनवलेले.

आधी हे ठरवा: पीएलए की पीईटीजी?

पूर्ण माहिती वाचायला वेळ नसेल तर एवढा भाग तरी वाचाच. आमचा पहिला स्टँड मामांना दिला होता. त्यांनी तो मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला आणि गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली. संध्याकाळी पाहिलं तर स्टँडची पाठ पुढे वाकून फोन अडवणाऱ्या पुढच्या ओठाला टेकली होती. छपाईत चूक नव्हती, प्लास्टिकच तसं होतं. पीएलए ५५ ते ६० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतलं तापमानच ४५ च्या आसपास जातं, मग काचा बंद असलेल्या उभ्या गाडीत ६० अंश व्हायला वेळ लागत नाही. त्या दिवसापासून आम्ही दोन प्रकारचं प्लास्टिक वापरतो आणि ऑर्डर घेताना प्रत्येकाला विचारतो, वस्तू नेमकी कुठे ठेवणार?

घरात किंवा ऑफिसात, सावलीतल्या टेबलावर ठेवायचं असेल तर पीएलए घ्या. ते मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनतं. छपाई रेखीव येते, कडा नीट उठतात आणि रंग छान मॅट दिसतो. टेबलावर ते वर्षानुवर्षं टिकतं.

पश्चिमेच्या खिडकीत, पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा गच्चीवरच्या खोलीत ठेवायचं असेल तर टेकूला ५०, कप्प्यांना १०० किंवा जोडीला १५० रुपये जास्त द्या आणि पीईटीजी घ्या. पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकचा हा भाऊबंद ७५ ते ८० अंशांपर्यंत आकार धरून राहतो. पडला तर चटकन तुटत नाही, थोडा लवतो. मात्र त्यावर थोडी चकाकी असते आणि ओरखडा लवकर दिसतो. तो आवडत नसेल तर पीएलएकडेच राहा.

गाडीच्या डॅशबोर्डसाठी यातलं एकही घेऊ नका. काचेखालचा डॅशबोर्ड भर उन्हात आतल्या हवेपेक्षाही जास्त तापतो आणि तिथे पीईटीजीचीही खात्री आम्ही देत नाही.

टेकू: मोबाइल स्टँड

रुंदी ७२ मिमी, खोली १०० मिमी, उंची १०५ मिमी, वजन सुमारे ७० ग्रॅम. फोन बसतो ती खाच १४ मिमी रुंद आहे, त्यामुळे जाड कव्हर घातलेला फोनही कव्हर न काढता बसतो. पुढचा ओठ १० मिमी उंच ठेवलाय. त्याहून उंच केला तर स्क्रीनची खालची बटणं झाकली जातात आणि कमी केला तर आडवा फोन सटकतो. ओठाच्या मधोमध चार्जिंगच्या वायरसाठी फट आहे, म्हणजे फोन उभा असतानाही चार्ज होतो. पाठ जाळीची आहे, चार्जिंगला गरम होणाऱ्या फोनला मागून हवा लागते. त्या उबेने स्टँडला काही होत नाही.

खाली चार सिलिकॉनचे ठिपके लावलेले येतात. सनमायका आणि काच यांवर ते घट्ट धरतात. शहाबादी फरशीच्या खडबडीत ओट्यावर पकड थोडी कमी पडते.

फोन उभा, आडवा, दोन्ही चालतो. मोठ्या टॅबलेटसाठी हा स्टँड नाही. तो पाठीवर भार टाकतो आणि बोट लावलं की सगळंच मागे कलंडतं. कृपया त्यासाठी मागवू नका.

एका टेकूला साधारण ४ तास लागतात. सोऱ्यातून शेव पडावी तशी ०.४ मिमीच्या छिद्रातून वितळलेल्या प्लास्टिकची तार निघते आणि ०.२ मिमीचा एकेक थर बसत जातो. टेकू आम्ही उभा न छापता कुशीवर आडवा करून छापतो. थरांच्या मधला सांधा हा कुठल्याही छापलेल्या वस्तूचा कच्चा भाग असतो. उभा छापला तर फोनचं वजन नेमकं त्या सांध्यांना उकलायला बघतं, कुशीवर छापला तर प्रत्येक थर ओठापासून पाठीपर्यंत अखंड जातो. असे ३६० थर एका टेकूत असतात. अंगावरून बोट फिरवलं की बारीक रेघा लागतात, त्या हेच थर. एका कडेला आडवी बारीक शिवण दिसेल, तिथे प्रत्येक थर सुरू होऊन संपतो. हा दोष नाही. आम्ही ती मागच्या बाजूला घेतो.

कप्पे: डेस्क ऑर्गनायझर

लांबी २०० मिमी, रुंदी ११० मिमी, उंची ९५ मिमी, वजन सुमारे २४० ग्रॅम, छपाईला ११ तास. पाच कप्पे आहेत: मागे पेन-पेन्सिलींचे दोन, मध्ये व्हिजिटिंग कार्डांचा ९५ मिमी रुंद कप्पा, पुढे टाचण्या-क्लिपांसाठी उथळ वाटी आणि उजव्या बाजूला रबरी शिक्के उभे राहतील असा खोलगट कप्पा. शिक्क्यांचा कप्पा आमच्या काकांनी सुचवला. त्यांच्या दुकानात तीन शिक्के असतात आणि ऐन वेळी हवा असलेला कधीच सापडत नसे. एका कडेला पट्टीसाठी अरुंद खाच आहे, ३० सेंटिमीटरची पट्टी त्यात सरळ उभी राहते.

पंचिंग मशीन पेनांच्या कप्प्यात कोंबू नका. भिंती १.६ मिमीच्या आहेत, रोजच्या वापराला भरपूर, पण कायमच्या दाबाखाली पीएलए हळूहळू वाकडं होतं आणि पुन्हा सरळ होत नाही. जड वस्तू टेबलावरच राहू द्या.

रंग

आबोली, मोरपंखी, हळदी, राखाडी, पांढरा, काळा. फोटोत आणि प्रत्यक्षात थोडा फरक पडतो, विशेषतः मोरपंखीत: ट्यूबलाइटखाली तो निळसर दिसतो, दिवसा हिरवट. खिडकीशी ठेवणार असाल तर काळा टाळा, उन्हात तो सगळ्यात जास्त तापतो.

नावाची पट्टी

पट्टी वेगळी छापून खाचेत सरकवतो, त्यामुळे पुढे कधी बदलायची झाली तर पूर्ण स्टँड बदलावा लागत नाही. पट्टीचा एक रंग, अक्षरांचा दुसरा.

देवनागरी अक्षरं नीट उठावीत यासाठी आम्ही बरेच दिवस घालवलेत. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, ५ मिमीलाही वाचता येतात. आपल्याकडे वेलांटी, रफार, अनुस्वार, जोडाक्षराचा अर्धा काना हे सगळे बारीक फराटे, आणि ०.४ मिमीच्या छिद्रातून ते एका रेघेचे झाले की नखाने खरवडताच निघून येतात. बाजारातले बहुतेक फॉन्ट जसेच्या तसे वापरले तेव्हा 'वैष्णवी'ची मात्रा तुटली आणि 'संजीवनी'चा अनुस्वार पुसतानाच गेला. आता आम्ही प्रत्येक नाव हाताने दुरुस्त करतो: अक्षराची उंची किमान ८ मिमी, कोणताही फराटा ०.८ मिमीपेक्षा बारीक नाही, अनुस्वाराचा ठिपका १.५ मिमीचा. 'क्ष', 'ज्ञ', 'श्री', 'ऱ्हा' सगळं येतं. टेकूच्या पट्टीवर साधारण ६ अक्षरं बसतात, कप्प्यांच्या पट्टीवर १४.

नाव देवनागरीतच लिहून पाठवा. 'दिक्षा' की 'दीक्षा' हे तुमच्या घरात जसं लिहितात तसंच छापू, आम्ही आमच्या मनाने सुधारणार नाही. छापण्याआधी चित्र पाठवतो. तुम्ही 'बरोबर' म्हटल्यावरच मशीन सुरू होतं.

निगा

धूळ थरांच्या रेघांत बसते. कोरड्या फडक्याने ती आतच घासली जाते, त्यामुळे आधी मऊ जुन्या टूथब्रशने झटका. मळ असेल तर साधं पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब पुरे. धुऊन सावलीत वाळवा. गरम पाणी अजिबात नको, डिशवॉशर तर नाहीच. वाळवायला उन्हात किंवा हेअर ड्रायरसमोर ठेवू नका. तारेची घासणी आणि भांडी घासायची पूड यांनी रंग फिका पडून पांढुरके ओरखडे उठतात.

नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल यांपासून लांब ठेवा. सॅनिटायझर सांडलं तर लगेच पुसून घ्या.

शाईचा किंवा हळदीचा डाग पांढऱ्या आणि आबोली रंगावर बसला की रेघांत मुरतो आणि पूर्ण जात नाही. ओट्यावर ठेवायला म्हणून आम्ही हळदी किंवा राखाडी सुचवतो.

आच: गॅसच्या शेगडीपासून हातभर लांब. देवघराजवळ ठेवलात तर समई, निरांजन आणि उदबत्ती यांपासून दूर. पेटत्या उदबत्तीचं टोक टेकलं तर तिथे खड्डा पडतो. गरम चहाचा कपही त्यावर ठेवू नका.

कप्प्यांत पाणी घालून फुलं ठेवू नका, थरांच्या सांध्यांतून पाणी झिरपू शकतं. चमचे, सुकामेवा, गोळ्या-चॉकलेटही नकोत. रेघांत अडकलेले कण पूर्ण निघत नाहीत, म्हणून खाण्याच्या वस्तूंसाठी आम्ही हे विकत नाही. घरात रांगतं मूल असेल तर टाचण्यांची वाटी रिकामी ठेवा.

पीएलएचा तुकडा तुटला तर फेकू नका. स्वच्छ, कोरड्या तुकड्यांना झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब लावून मिनिटभर दाबून धरा, जोड चांगला धरतो. पीईटीजीला हा गोंद तितका धरत नाही, फोटो पाठवा, आम्ही मार्ग सांगू.

पीएलए वनस्पतीपासून बनतं म्हणून ते कुंडीत किंवा अंगणात पुरलं की कुजेल असं समजू नका. त्याला जवळपास ६० अंश उष्णता टिकवून ठेवणारा मोठा खतप्रकल्प लागतो, घरच्या खड्ड्यात ते तसंच राहतं. वापर संपल्यावर आमच्याकडे परत पाठवा, पुढच्या खरेदीत २० रुपये कमी करू.

पाठवणी आणि बदली

ऑर्डर आल्यावर छापतो, तयार साठा ठेवत नाही. टेकू २ दिवसांत, कप्पे ३ दिवसांत निघतात, नावाची पट्टी असेल तर चित्राला होकार आल्यापासून दिवस मोजतो. पुढे महाराष्ट्रात साधारण ३ ते ५ दिवस. एप्रिल ते जून या काळात पार्सल तापलेल्या गाडीत पडून राहू शकतं, म्हणून पीएलएच्या वस्तू आत पुठ्ठ्याचा आधार देऊन बांधतो. तरी वाकून पोचली तर तो खर्च आमचा.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढलात तर बरं. तुटकं, वाकडं किंवा चुकीच्या रंगाचं आलं तर ३ दिवसांत फोटो पाठवा, नवीन छापून पाठवतो, जुनं परत मागत नाही. नुसतं आवडलं नाही तर ७ दिवसांत परत घेतो, कुरिअरचा खर्च तुमचा. नावाची पट्टी परत घेता येत नाही, मात्र होकार दिलेल्या चित्रापेक्षा वेगळं छापलं गेलं असेल तर नवी पट्टी मोफत. नावाच्या ऑर्डरला पैसे आधी घेतो, बाकीच्यांना घरपोच आल्यावर दिले तरी चालतील.

ऑर्डर करताना चार गोष्टी कळवा: प्लास्टिक, रंग, नाव हवं असल्यास ते, आणि वस्तू कुठे ठेवणार ती जागा. तुम्ही पीएलए निवडलंय आणि जागा उन्हाची आहे असं दिसलं तर छापण्याआधी आम्ही एकदा विचारू.