विषय: अंमलबजावणी सल्लागार पदातील प्रवास आणि क्लायंट साइटवरील मुक्कामाबाबत विचारणा

माननीय महोदया,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी दूरध्वनीवर झालेल्या संभाषणाबद्दल आणि त्याच दिवशी पाठवलेल्या पदाच्या तपशिलाबद्दल आपले आभार. तो तपशील मी दोनदा वाचला. गोदाम व्यवस्थापनाची प्रणाली ग्राहकाच्या प्रत्यक्ष कामात रुजवण्याचे हे काम गेली सहा वर्षे मी करत आले आहे आणि ते मला आवडते. येत्या गुरुवारी दुपारी ठरलेल्या दुसऱ्या फेरीस मी उपस्थित राहीन, हे या पत्राने कळवते. मात्र त्या फेरीपूर्वी एका मुद्द्याचा उलगडा झाला, तर माझा आणि मुलाखत घेणाऱ्यांचा, दोघांचाही वेळ सत्कारणी लागेल असे वाटते.

तपशिलात ‘आवश्यकतेनुसार प्रवास, साधारण २५ टक्के’ एवढेच म्हटले आहे. हा आकडा नेमका कशाचा, ते त्यावरून कळत नाही. वर्षात कामाचे सुमारे २४० दिवस धरले, तर २५ टक्के म्हणजे ६० दिवस होतात. हे ६० दिवस दर महिन्याला सोमवार ते शुक्रवार असा एक आठवडा याप्रमाणे विभागले, तर वर्षाकाठी ४८ रात्री घराबाहेर जातात. तेच दिवस एखाद्या क्लायंटकडे सलग बारा आठवडे राहून भरले आणि मधल्या शनिवार-रविवारी परत येता आले नाही, तर रात्रींची संख्या ८१ होते. टक्केवारी दोन्हीकडे एकच असली, तरी घर चालवणाऱ्या माणसासाठी या दोन अगदी वेगळ्या नोकऱ्या आहेत. शिवाय हे प्रमाण संपूर्ण विभागाची सरासरी म्हणून दिलेले असेल, तर एखादी व्यक्ती वर्षभर कार्यालयातच आणि दुसरी अर्धे वर्ष बाहेर, असेही त्यात बसू शकते.

म्हणून माझी पहिली विनंती अशी, की अंदाजाऐवजी गेल्या बारा महिन्यांत याच गटातील याच पदावरच्या व्यक्ती प्रत्यक्ष किती वेळा बाहेर गेल्या, एका वेळी सर्वांत जास्त किती दिवस राहिल्या आणि त्यांतील किती मुक्काम ठरल्यापेक्षा लांबले, हे आपण हायरिंग मॅनेजरांकडून जाणून घ्यावे. कोणाची नावे किंवा क्लायंटची माहिती मला नको. नुसते आकडे पुरेसे आहेत.

मुक्काम लांबण्याचा उल्लेख मी मुद्दाम केला. आधीच्या एका नोकरीत मला सहा आठवड्यांसाठी क्लायंटकडे पाठवले होते आणि मी परतले ती आठ महिन्यांनी. त्यात कोणाचा अप्रामाणिकपणा नव्हता. जुन्या प्रणालीतील साठ्याच्या नोंदी जुळेनात, वापरकर्त्यांची चाचणी पुढे गेली, त्यामुळे गो-लाइव्हची तारीख दोनदा सरकली आणि नंतर सुरुवातीच्या आधाराचा काळही क्लायंटने वाढवून मागितला. या क्षेत्रात हे नवे नाही, हे आपणही जाणता. मला खटकले ते इतकेच, की अशा वेळी बदली माणूस कधी पाठवायचा याचा कोणताही नियम नव्हता, आणि जो आधीच तिथे आहे त्यानेच राहावे हा सर्वांत सोपा मार्ग दर वेळी निवडला गेला. तेव्हा आपल्याकडे सलग मुक्कामाला कमाल मर्यादा आहे का, ती ओलांडायची झाल्यास संमती कोणाची घेतली जाते आणि पाळीपाळीने माणसे बदलण्याची पद्धत आहे का, हे कळले तर बरे होईल.

प्रकल्पाच्या कोणत्या टप्प्यांना प्रत्यक्ष हजेरी लागते, हेही जाणून घ्यायचे आहे. गरजा समजून घेताना गोदामात उभे राहून काम पाहावेच लागते आणि गो-लाइव्हच्या आठवड्यात तिथे असण्याला पर्याय नाही, हे मला मान्य आहे. परंतु मधली रचना, अहवालांची तयारी आणि चाचणीचा बराच भाग दूरस्थ पद्धतीने होऊ शकतो. क्लायंटशी केलेल्या करारातच पूर्णवेळ साइटवर हजर राहण्याची अट असते, की ते प्रकल्पागणिक ठरते, यावर माझे बरेचसे उत्तर अवलंबून आहे.

माझी बाजूही स्पष्ट करते, म्हणजे आपल्याला तर्क करावा लागणार नाही. घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीच्या उपचारांची जबाबदारी माझ्यावर आहे. दोन आठवडे आधी सूचना मिळाल्यास महिन्यातून एक आठवडा मी सहज बाहेर राहू शकते. वर्षातून दोनदा, प्रत्येकी चार आठवड्यांपर्यंतचा सलग मुक्कामही पर्यायी व्यवस्था करून निभावता येईल. दोन-तीन दिवसांच्या सूचनेवर निघणे मात्र अपवादानेच जमेल आणि कित्येक महिन्यांची नेमणूक सध्या मला स्वीकारता येणार नाही. एखादी नेमणूक या कारणाने नाकारावी लागली, तर वार्षिक मूल्यमापनावर त्याचा परिणाम होतो का, हा प्रश्न थोडा अवघड आहे, पण तो आताच विचारलेला बरा.

खर्चाविषयी थोडक्यात विचारते. तिकिटे आणि निवास कंपनी परस्पर आरक्षित करते, की आधी स्वतः खर्च करून नंतर परतावा मिळतो? लांब मुक्कामात घरी येऊन जाण्याचा खर्च किती आठवड्यांनी मिळतो? आणि रविवारी प्रवासात गेलेला वेळ कामाचा धरून त्याची बदली रजा दिली जाते का?

परदेशातील क्लायंटचाही उल्लेख आपल्या बोलण्यात आला होता. बैठकांसाठी मिळणारा व्यावसायिक भेटीचा व्हिसा आणि क्लायंटकडे प्रत्यक्ष काम करण्याची परवानगी या सहसा वेगळ्या गोष्टी असतात. तसेच अनेक देशांत वर्षातील १८३ दिवसांचा मुक्काम करआकारणीच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. अशा नेमणुका या पदाला लागू असतील, तर योग्य परवाना काढण्याची आणि कराबाबत सल्ला देण्याची जबाबदारी कंपनी घेते का, तेवढे कळवावे.

यांतील बरीच माहिती आपल्याजवळ लगेच नसेल, याची मला जाणीव आहे. गेल्या बारा महिन्यांचे आकडे आणि सलग मुक्कामाची मर्यादा या दोन गोष्टी बुधवारी सायंकाळपर्यंत कळल्या, तरी गुरुवारच्या फेरीसाठी पुरेसे आहे. उरलेले मी हायरिंग मॅनेजरांना त्या फेरीत स्वतः विचारेन. शक्य असल्यास या गटात सध्या काम करणाऱ्या एखाद्या सल्लागाराशी पंधरा-वीस मिनिटे बोलण्याची संधी मिळावी. पुढे निवड झाल्यास प्रवासाबाबत जे ठरेल ते ऑफर लेटरमध्ये एका ओळीत तरी लिहिले जावे, अशी माझी अपेक्षा राहील.

सायंकाळी सहानंतर मी दूरध्वनीवर उपलब्ध असते, परंतु आकडे लेखी मिळाले तर अधिक सोयीचे होईल.

कळावे,

आपली विश्वासू,
अंमलबजावणी सल्लागार पदाची उमेदवार
(दुसरी फेरी, गुरुवार दुपार)