१३ जुलैच्या समिती बैठकीतले निर्णय: काम कुणाचं, कधीपर्यंत

नमस्कार मंडळी,

रविवारची बैठक पावणेतीन तास चालली. जोशी वहिनींनी लिहिलेलं इतिवृत्त साडेपाच पानांचं आहे. ते ठराव नोंदवहीत जसंच्या तसं राहील, पुढच्या बैठकीत वाचून कायम होईल. पण त्या साडेपाच पानांतून आपलं काम कोणतं हे शोधायला कुणी बसणार नाही. मे महिन्यात आपण हेच अनुभवलं. म्हणून आज सकाळी इतिवृत्त पुढ्यात घेऊन फक्त निर्णय बाजूला काढले. जिथे नाव नव्हतं तिथे फोन करून विचारलं. कुणाचंही नाव त्याला न विचारता घातलेलं नाही.

प्रत्येक कामापुढे एकच नाव आहे. मदतीला कितीही जण घ्या, विचारणा मात्र त्याच माणसाकडे होईल.

१. हिशोबतपासणी पूर्ण करून घेणे. कुलकर्णी काका. गुरुवार, ३१ जुलै.
लेखापरीक्षकांना मार्चची बँक पासबुकाची नोंद आणि टँकरची १४ बिलं अजून मिळालेली नाहीत. बिलं माझ्या कपाटात आहेत, आज संध्याकाळी काकांच्या हातात देते. ३१ जुलै ही तारीख आपण ठरवलेली नाही. आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत तपासणी व्हावी लागते, त्यामुळे मुदतवाढ मागू नये.

२. वार्षिक सर्वसाधारण सभा: रविवार, २४ ऑगस्ट, सकाळी १० वाजता, पार्किंगमध्ये. सूचना काढण्याचं काम माझं. शुक्रवार, ८ ऑगस्ट.
कायद्याने ३० सप्टेंबरपर्यंत मुदत आहे. पण २७ ऑगस्टला गणपती, ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि लगेच पितृपक्ष, म्हणून निकमांनी सुचवलेला २४ ऑगस्ट सगळ्यांनी मान्य केला. सभेच्या सूचनेला पूर्ण १४ दिवस द्यावे लागतात. सूचना मिळाल्याचा आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत. ९ तारखेला राखीपौर्णिमा, निम्मी सोसायटी गावाला असेल. म्हणून ८ तारखेच्या संध्याकाळपर्यंत ४८ घरांत सूचना पोहोचून सह्या झालेल्या हव्यात. विषयपत्रिकेत काही घालायचं असेल तर रविवार, ३ ऑगस्टपर्यंत माझ्याकडे लेखी द्या. जिन्यात भेटल्यावर सांगितलेलं माझ्या लक्षात राहत नाही.

३. गणपतीचा मंडप. निकम. उभारणी रविवार, २४ ऑगस्टला दुपारी ३ नंतर.
यादी करताना एक घोळ सापडला. इतिवृत्तात विषय २ मध्ये २४ तारखेची सभा पार्किंगमध्ये घ्यायची असं आहे, आणि विषय ७ मध्ये मंडपवाला २२ तारखेपासून त्याच जागेत बांबू रोवणार असं आहे. दोन्ही निर्णय एकाच बैठकीत, तासाभराच्या अंतराने, सर्वानुमते! निकमांशी बोलले. मंडपवाला २४ ला दुपारनंतर यायला तयार आहे, दोन दिवसांत काम उरकतो म्हणतो. बी विंगसमोरच्या ११ गाड्या त्या दिवशी दुपारी २ पर्यंत काढायच्या, हे मालकांना कळवण्याची जबाबदारीही निकमांचीच. वर्गणीची रक्कम गेल्या वर्षीइतकीच.

४. सी-३०२ ची पाणीगळती. पाटील. पहिला टप्पा शनिवार, १९ जुलै.
इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त वेळ याच विषयावर गेला आणि सगळ्यात कमी निर्णय इथेच झाला. इतिवृत्तात असं आहे:

"सी-३०२ च्या न्हाणीघराच्या छतातून होणाऱ्या पाणीगळतीबाबत सविस्तर चर्चा झाली. संबंधितांनी परस्पर सामंजस्याने मार्ग काढावा व समितीने योग्य ते सहकार्य करावे असे सर्वानुमते ठरले."

वहिनींची चूक नाही, बैठकीत खरोखर एवढंच ठरलं. पण यातून उद्या सकाळी कोण काय करणार? ४०२ चे म्हणतात, डक्टमधली सामायिक ड्रेनेज लाइन फुटली आहे, खर्च सोसायटीचा. ३०२ च्या ताई म्हणतात, वरच्यांनी टाइल्स बदलल्यापासून सुरू झालंय, खर्च त्यांचा. उपविधी दोघांच्याही बाजूने बोलतात. पाणी बाहेरच्या सामायिक पाइपमधून येत असेल तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. घरातल्या संडास-बाथरूम किंवा सिंकमुळे येत असेल तर त्या घराच्या खर्चाने. म्हणजे भांडण पैशाचं दिसत असलं तरी प्रश्न पाणी कुठून येतं हा आहे, आणि तो अजून कुणी तपासलेलाच नाही.

पाटलांशी आणि दोन्ही घरांशी बोलून मी तो असा मांडला आहे:

शनिवारी, १९ तारखेला सकाळी ११ वाजता पाटील प्लंबर घेऊन येतील. ४०२ च्या नहाणी ट्रॅपमध्ये आणि डक्टमधल्या लाइनमध्ये वेगवेगळ्या रंगाचं पाणी सोडायचं आणि ३०२ च्या छताला कोणता रंग उतरतो ते पाहायचं. ओल झिरपायला वेळ लागू शकतो, म्हणून रविवारी संध्याकाळी पुन्हा पाहायचं. दोन्ही वेळा दोन्ही घरांतलं एकेक माणूस हजर हवं, दोघांनी होकार दिला आहे. तपासणीचा खर्च सोसायटी करेल.

लाइन फुटलेली निघाली तर पाटलांनी बुधवार, २३ जुलैपर्यंत दुरुस्तीची दोन दरपत्रकं अध्यक्षांना द्यावीत. बाथरूममधून निघालं तर त्याच तारखेपर्यंत मी ४०२ ला लेखी पत्र देईन, आणि काम ३१ ऑगस्टपर्यंत त्यांनी करून घ्यायचं. दोन्ही रंग उतरले तर मात्र पुन्हा बसावं लागेल.

समितीने हा टप्प्यांचा क्रम ठरवला नव्हता, तो मी घातला आहे. कुणाची हरकत असेल तर स्पष्ट सांगा.

५. आग विझवण्याच्या यंत्रणेचा 'बी' नमुन्यातला दाखला. शेखभाई. गुरुवार, ३१ जुलै.
हा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून घ्यावा लागतो. जानेवारीचा आपण फेब्रुवारीत घेतला होता. ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात आहे, बी विंगच्या तळमजल्यावरचा सिलिंडर सायकलींच्या मागे गेलाय. एजन्सीचा माणूस येण्याआधी सायकली हलवा.

६. स्ट्रक्चरल ऑडिटसाठी तीन दरपत्रकं. देशमुख साहेब. शनिवार, २ ऑगस्ट.
इमारत १९९८ ची आहे. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा करायचं असतं. आपलं शेवटचं २०१९ चं, म्हणजे आपण आधीच उशिरात आहोत. इतिवृत्तात "लवकरात लवकर" असं आहे. त्याजागी २ ऑगस्ट घातली, कारण खर्च समितीच्या मर्यादेबाहेर जाणार, मंजुरी सभेतच घ्यावी लागणार आणि आकडा ८ तारखेच्या सूचनेसोबत गेला पाहिजे. ही तारीख चुकली तर विषय सरळ पुढच्या वर्षावर जाईल. दरपत्रकं महापालिकेच्या यादीवरच्या अभियंत्यांचीच घ्यावीत. कुणाचा मेहुणा सिव्हिल इंजिनिअर आहे हे रविवारी कळलं, आनंद झाला, पण यादीत नसेल तर उपयोग नाही.

७. लिफ्टचा देखभाल करार. साठे. शुक्रवार, १८ जुलै.
जुना करार ३० जूनला संपला. "लिफ्टवाल्याशी बोलून घ्यावे" असं मे महिन्याच्या इतिवृत्तातही होतं. मला वाटलं साठे बोलतील, साठेंना वाटलं पाटील बोलतील, पाटलांना वाटलं मी बोलले. आता निर्णय: त्याच कंपनीशी एका वर्षासाठी, दोन्ही लिफ्टसाठी, सुटे भाग धरून. करार होईपर्यंत लिफ्ट अडकली तर वॉचमनने साठेंना फोन करायचा, नंबर केबिनमध्ये लावला आहे.

८. थकबाकी. कुलकर्णी काकांनी रविवार, २० जुलैपर्यंत तीन सभासदांचा महिनावार तक्ता द्यायचा, मी शुक्रवार, २५ जुलैपर्यंत नोटिसा काढायच्या.
एका कामाला एक नाव हा नियम इथेही मोडलेला नाही, ही दोन कामं आहेत. व्याज सरळ व्याजानेच लावायचं, आणि उपविधींची कमाल मर्यादा वर्षाला २१ टक्के आहे हे लक्षात ठेवायचं. चक्रवाढीचा हट्ट एका सदस्यांनी धरला होता, तो मान्य झालेला नाही. नोटिशीनंतर ३० दिवसांत पैसे आले नाहीत तर सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडे वसुलीचा अर्ज करायचा की नाही, हे सप्टेंबरच्या बैठकीत ठरेल. तिघांची नावं या यादीत मुद्दाम घातलेली नाहीत. ही यादी कुणाच्या फोनवरून कुठे जाईल सांगता येत नाही.

ज्यावर बोलणं झालं, निर्णय झाला नाही

विजेवरच्या गाड्यांसाठी चार्जिंग पॉइंट: मीटर सामायिक की ज्याचा त्याचा, यावर दोन तट पडले. बी-२०४ चे निकम म्हणाले, आधी मंजूर वीजभार किती शिल्लक आहे ते बघू. तो त्यांनी महावितरणच्या कार्यालयात विचारून पुढच्या बैठकीत सांगायचा. एवढंच ठरलं.

कबुतरांसाठी डक्टला जाळी: २० मिनिटं चर्चा, तीन आठवणी, निर्णय काही नाही. कुणाला विषय पुढे न्यायचा असेल तर आधी दर आणा.

मुलांचं क्रिकेट: पार्किंगमध्ये संध्याकाळी ७ नंतर खेळू नये अशी "सूचना करण्यात आली". कुणी, कुणाला, याची नोंद नाही. मुलांपर्यंत ती पोहोचलेली नाही हे काल रात्री ८ वाजता माझ्या खिडकीवर आदळलेल्या चेंडूवरून कळलं.

आपल्या नावापुढचं काम किंवा तारीख बदलायची असेल तर बुधवार, १६ तारखेला रात्री ९ पर्यंत मला फोन करा. गटावर नुसता अंगठा टाकू नका, त्याचा अर्थ वाचलं की मान्य ते कळत नाही. गुरुवारी सकाळी अंतिम यादी छापून ऑफिसच्या काचेवर लावते, फक्त थकबाकीचा मुद्दा वगळून. काम झालं की प्रत्येकाने स्वतः येऊन आपल्या ओळीपुढे तारीख आणि सही करायची. पेन दोरीला बांधून ठेवते, मागचं गेलं.

सचिव
ए-१०३
मंगळवार, १५ जुलै २०२५