ओवीच्या गोष्टीतल्या रोबोसाठी आणि यानासाठी नावं

प्रिय ओवी,

गोष्ट वाचली. रेवा जमली आहे, मुख्य अँटेना निकामी होते तो प्रसंग तर फारच जमला आहे. तू फक्त नावं मागितलीस, म्हणून आज फक्त नावंच.

आधी जी आहेत ती काढून टाक. रोबोचं 'आर-७' हे नाव तुला सहज सुचलं असेल, पण ते एका खऱ्या रॉकेटचं आहे. १९५७ साली स्पुटनिक ज्याच्यावर बसून अवकाशात गेला, ते सोव्हिएत रॉकेट म्हणजे आर-७. ज्याला हे माहीत आहे तो वाचक तुझा रोबो दिसला की रॉकेट आठवेल. यानाचं 'स्टार एक्स्प्लोरर' हे कुठल्याही गोष्टीतल्या कुठल्याही यानाला चालेल, म्हणजेच तुझ्या यानाला चालणार नाही. आणि 'व्योम' पासून सुरू होणारं काही घेऊ नकोस. इस्रोची 'व्योममित्र' ही अर्धमानवाकृती रोबो २०२० पासून सगळ्यांना माहीत आहे. विक्रम आणि प्रज्ञान तर चंद्रावर उतरून बसले आहेत.

आता माझं म्हणणं. तुझ्या गोष्टीत यानाचं नाव एका समितीने ठेवलेलं असणार आणि रोबोचं नाव रेवाने. ही दोन नावं एकाच तोंडून निघाल्यासारखी वाटता कामा नयेत. यानाचं नाव भारदस्त हवं, बातमीत वाचून दाखवण्याजोगं. रोबोचं नाव मात्र घाईत, अंधारात, तोंडात स्क्रू धरलेला असतानाही हाक मारता येईल असं हवं.

रोबोसाठी माझं पहिलं नाव: दुरू.

हे मी हवेतून काढलेलं नाही, तुझ्याच तिसऱ्या पानावर आहे. रेवा त्याच्या छातीवरची पाटी फडक्याने पुसते आणि तेलाखालून 'दुरुस्ती सहायक ४१८' ही अक्षरं दिसतात, असं तू लिहिलंस आणि पुढे निघून गेलीस. तिथे थांब. पाटीचा मधला भाग घासून गेलेला असू दे. 'स्ती'पासून पुढचं सगळं पुसलेलं, आकड्यातला फक्त आठ शिल्लक. रेवा जे उरलंय ते मोठ्याने वाचते, आणि कोपऱ्यातलं यंत्र पहिल्यांदा मान वळवतं. कुणी त्याला नाव दिलं असं वाटतच नाही, ते सापडतं. (पाटीवर 'दुरु' असेल, पण नाव म्हणून लिहिताना शेवटचा उकार दीर्घ कर. शुद्धलेखनाचे गुण इथे कुणी देणार नाही, पण डोळ्याला खुपतं.)

नाव पक्कं करण्याआधी त्याला सगळे प्रत्यय लावून बघत जा. मराठीत नाव एकटं कधीच राहत नाही. दुरूने दार उघडलं, दुरूला सांग, दुरूचं चाक, दुरूशिवाय, अरे दुरू! सगळीकडे तो ओळखू येतो. 'आर-७ने' किंवा 'एक्स-९च्या' हे मोठ्याने वाचून बघ, जीभ अडखळते. याच परीक्षेत माझं एक लाडकं नाव नापास झालं. पाना घेऊन फिरतो म्हणून 'पान्या' ठेवावं असं वाटत होतं, गण्या-बंड्यासारखं. पण 'पान्याने बोल्ट आवळला' हे वाक्य लिहिलं आणि बोल्ट रोबोने आवळला की हत्याराने, ते मलाच कळेना. तुझ्या गोष्टीत बोल्ट पुष्कळ आहेत. पान्या बाद.

दुसरं नाव, दुरू नकोच वाटला तर: तांबट. तांब्यापितळेची भांडी घडवणारा तो तांबट, आणि टुक्‌-टुक्‌ असा एकसारखा ठोका देत बसणारा हिरवा पक्षीही तांबटच. तुझ्या रोबोचं उजवं चाक कुरकुरतं असं तू लिहिलंस. कुरकुर नको, टुकटुक कर. मग सहाव्या पानावर दिवे जातात तेव्हा रेवाला तो दिसत नाही, नुसता ऐकू येतो, आणि नाव तिथे कामाला येतं. अडचण एवढीच की तांबट वयाने मोठा वाटतो. रेवा त्याला 'अहो तांबट' म्हणेल की काय अशी भीती वाटते. तो तिच्यापेक्षा जुना, अनुभवी, जरा खडूस असा तुझ्या डोक्यात असेल तर मात्र हेच नाव घे, दुरूपेक्षा सरस ठरेल.

तिसरं: टिटवी. रात्री काही हललं की ओरडून सगळ्यांना उठवणारी. रोबो 'ती' करायची असेल आणि धोक्याची सूचना देणं हे तिचं मुख्य काम असेल तरच. आत्ताच्या गोष्टीत ते काम यानाचा संगणक करतो, म्हणून बसत नाही.

आता एक गोष्ट, जी इंग्रजीत लिहिणाऱ्याला 'इट' म्हणून टाळता येते आणि आपल्याला पहिल्याच क्रियापदाला ठरवावी लागते. रोबो आला, आली की आलं? तू कुठे 'तो' लिहिलंस, कुठे 'ते'. मी सगळं 'तो' करून टाकणार होते, मग वाटलं की ही चूक नाही, ही सोय आहे. नाव मिळेपर्यंत त्याला 'ते' ठेव: ते कोपऱ्यात उभं होतं, ते हललं. पाटी वाचून झाल्याबरोबर 'तो'. कुठेही समजावून सांगू नकोस. असं काहीतरी:

'रेवाने फडकं झटकलं. पाटीवर सातआठ अक्षरांची जागा होती, वाचता येत होती दोनच. "दुरु...", ती म्हणाली. यंत्राच्या मानेतून बारीक आवाज आला आणि ते तिच्याकडे वळलं. "दुरू?" ती पुन्हा म्हणाली. दुरूने डावा हात वर केला. उजवा त्याला पुरता वर करता येत नव्हता.'

वाक्यं माझी आहेत, तशीच्या तशी उचलू नकोस. तुझ्या तऱ्हेने लिही.

यानासाठी: अगस्ती-२.

तुझं यान शनीच्या एन्सेलाडस या चंद्राकडे निघालं आहे. जेमतेम पाचशे किलोमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा, पण आत खारं पाणी आहे. दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून त्याचे फवारे उडतात, २००५ मध्ये कॅसिनी यानाने ते पाहिले. समुद्राच्या शोधात निघालेल्या यानाला समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीचं नाव, हे कुठल्याही समितीला सुचेल आणि आवडेल. पण मला ते दुसऱ्याच कारणाने हवं आहे. अगस्ती हा ताराही आहे, रात्रीच्या आकाशात व्याधाच्या खालोखाल तेजस्वी. खऱ्या यानांनी दिशा धरण्यासाठी तो वापरलेला आहे. १९६४ ला मंगळाकडे निघालेल्या मरिनर-४ वर या ताऱ्यावर नजर ठेवणारं उपकरण होतं, व्हॉयेजरवरही होतं. सूर्य एका बाजूला धरायचा, अगस्ती दुसऱ्या बाजूला, म्हणजे यान आपल्याभोवती कसं वळलं आहे ते कळतं आणि अँटेना पृथ्वीकडे रोखता येते.

आता तुझं सातवं पान काढ. यान गिरक्या घेतंय, अँटेना भलतीकडे, आणि दुरू सगळं 'दुरुस्त करतो'. कसं, ते तू सांगितलेलं नाहीस. तिथे त्याला खिडकीतून अगस्ती शोधू दे. रेवा विचारते, "कोणता?" आणि तो यानाच्याच नावाकडे बोट दाखवतो, भिंतीवर लिहिलेल्या. म्हणजे नाव शोभेचं राहत नाही, कथानकाचा खिळा होतं.

आकडा दोन का? कारण मग वाचक आपोआप विचारतो की पहिल्याचं काय झालं. उत्तर देऊ नकोस. फार तर दुरूच्या हाताचा एखादा सुटा भाग वेगळ्या रंगाचा असू दे आणि त्यावर '१' असू दे.

'अगस्त्य' असं लिहिलंस तरी बरोबरच आहे, पण 'अगस्त्यच्या' आणि 'अगस्त्यवर' बोलताना जड जातं. अगस्ती घे. आणि यानाला 'ते'च ठेव: अगस्ती निघालं, अगस्ती वळलं. गोष्टीत 'तो' एकटा दुरू असू दे.

यानासाठी दुसरी नावं हवी असतील तर: 'तारू' मला फार गोड वाटतं, जुना शब्द, जहाजाचा. पण दुरू आणि तारू एकत्र आले की बडबडगीत होतं. रोबो तांबट असेल तरच तारू घे. 'मचवा'ही चांगलं आहे, पण तो किनाऱ्यालगत फिरणारा लहान, ती शनीची वाट नव्हे. 'खंड्या' मात्र ठेवून दे. एका जागी बसून वाट बघायची आणि क्षणात पाण्यात सूर मारायचा, म्हणून भेगेत उतरणारं जे छोटं यान आहे, ज्याला तू नुसतं 'प्रोब' म्हणतेस, त्याचं नाव खंड्या. हे तर दुरूने स्वतः ठेवलेलं असावं असं मला वाटतं. रोबोनेही कुणालातरी नाव द्यावं.

जाता जाता: पृथ्वीवरच्या केंद्राशी रेवा फोनवर बोलावं तशी बोलते, ते बदल. शनीपासून संदेश यायला एक तासाहून जास्त लागतो, उत्तर परत यायला तेवढाच. रेवाला अडीच तास थांबावं लागेल, आणि त्या वेळात तिच्याशी बोलायला दुरू सोडून कुणी नाही. नाव सगळ्यात जास्त वेळा तिथे उच्चारलं जाईल, तेव्हा ते तिथे बसतंय ना ते मोठ्याने वाचून बघ.

तुझे बाबा म्हणतील की नावं काय, कुणीतरी मोठ्या माणसाने सुचवावीत. त्यांना सांग की प्लूटोचं नाव १९३० मध्ये अकरा वर्षांच्या मुलीने सुचवलं होतं आणि मंगळावरच्या क्युरिऑसिटीचं सहावीतल्या मुलीने. तेव्हा यातलं एकही घेतलं नाहीस आणि तुझं स्वतःचं काढलंस तरी मला राग येणार नाही. फक्त प्रत्यय लावून बघ.

पुढचा खर्डा पाठव. शेवट मला पटलेला नाही. दुरू आपली बॅटरी देऊन टाकतो हे ठीक, पण रेवा इतक्या लवकर कबूल का होते? त्यावर रविवारी फोनवर भांडू.

तुझी,
आत्या