विषय: डेटाबेस रिलायबिलिटी इंजिनिअर, जॉब कोड DBRE-2417, या पदासाठी रेफरलची विनंती

आदरणीय मेधाताई,

सादर नमस्कार.

आपल्या कंपनीच्या करिअर पोर्टलवर डेटाबेस रिलायबिलिटी इंजिनिअर या पदाची जाहिरात आली असून तिचा जॉब कोड DBRE-2417 आहे. या पदासाठी आपण माझे नाव रेफर करावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पूर्वीच्या कंपनीत आपण पेमेंट्स टीमच्या लीड असताना मी डेटाबेस टीममध्ये होतो आणि माझे काही काम आपण स्वतः तपासले होते, म्हणूनच ओळखीतल्या इतर कोणाला न विचारता आपल्याला लिहिणे मला योग्य वाटले. पोर्टलवर मी अद्याप थेट अर्ज केलेला नाही, कारण उमेदवाराचा अर्ज आधीच नोंदला गेला असेल तर पुष्कळ ठिकाणी नंतरचे रेफरल धरले जात नाही. अर्जाची शेवटची तारीख ३० जून आहे.

जाहिरात मी नीट वाचली. तिच्यातील दोन अपेक्षा माझ्या कामाशी थेट जुळतात, आणि त्या दोन्ही पदाच्या गाभ्याच्या आहेत असे मला वाटते.

पहिली अपेक्षा आहे, सेवा चालू ठेवून मोठ्या पोस्टग्रेस टेबलांच्या रचनेत बदल करण्याचा अनुभव. व्यवहारांच्या टेबलवर फॉरेन की घालण्याचे काम आपल्याला आठवत असेल. टेबल मोठे होते, दिवसभर त्यात नोंदी पडत होत्या आणि सेवा बंद ठेवण्याची परवानगी मिळणार नव्हती. त्या वेळी मी कन्स्ट्रेंट आधी `NOT VALID` म्हणून घातला, म्हणजे नव्या नोंदी लगेच तपासल्या जाऊ लागल्या, आणि जुन्या नोंदींची तपासणी नंतर `VALIDATE CONSTRAINT` ने वेगळी केली, कारण त्या टप्प्यावरचे लॉक नेहमीचे वाचन-लेखन अडवत नाही. आराखडा तपासताना आपण विचारले होते, की नेमके त्याच वेळी नोंदी लिहिणारे एखादे लांबलेले ट्रान्झॅक्शन चालू असेल तर काय होईल. प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा होता, कारण `ALTER TABLE` लॉकसाठी ताटकळत राहिले, की त्याच्यामागे आलेल्या, नोंदी लिहिणाऱ्या साध्या क्वेरीसुद्धा रांगेत अडकतात, आणि बदल सुरूही झालेला नसताना सेवा मात्र ठप्प होते. त्यावर `lock_timeout` २ सेकंदांवर ठेवून, लॉक न मिळाल्यास माघार घेऊन थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करणारी स्क्रिप्ट मी लिहिली, आणि बदल भर कामाच्या वेळेत, एकही पेमेंट न अडता पार पडला.

तीच पद्धत सध्याच्या कंपनीत मी सर्व टीमसाठी लागू केली आहे. स्कीमा बदलाचा प्रत्येक प्रस्ताव आता एका तपासणीतून जातो. इंडेक्स `CREATE INDEX CONCURRENTLY` ने बांधला जातो आहे ना, तो मध्येच फसला तर मागे उरणारा अवैध इंडेक्स काढून टाकण्याची पायरी लिहिली आहे ना, कोणते लॉक किती वेळ धरले जाणार आहे, हे सर्व त्यात पाहिले जाते. डेव्हलपर मंडळींना ही तपासणी सुरुवातीला आडकाठी वाटत असे. आता ते आराखडा कच्चा असतानाच विचारायला येतात, आणि मला या कामातला तो सर्वांत समाधानाचा भाग वाटतो.

दुसरी अपेक्षा बॅकअप आणि डेटा परत उभा करण्याची आहे. हे काम आपण पाहिलेले नाही, त्यामुळे ते थोडे तपशिलाने सांगतो. बॅकअपचा जॉब यशस्वी झाल्याची हिरवी खूण पाहून निश्चिंत राहणे मला कधीच पटलेले नाही. म्हणून दर महिन्याला आम्ही बेस बॅकअप आणि साठवलेल्या वॉल फायली वेगळ्या सर्व्हरवर घेऊन, `recovery_target_time` मध्ये वेळ देऊन, डेटाबेस त्या क्षणापर्यंत परत उभा करतो, निवडक टेबलांतील नोंदी पडताळतो आणि लागलेला वेळ लिहून ठेवतो. अशाच एका सरावात डेटा सगळा जसाच्या तसा परत आला, परंतु एका एक्स्टेंशनची लायब्ररी नव्या सर्व्हरवर नसल्यामुळे शोधाच्या क्वेरी चालेनात. ही उणीव खऱ्या संकटात उघड झाली असती तर बराच वेळ केवळ कारण शोधण्यात गेला असता. सरावांच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट दिसली, ती अशी की बहुतेक वेळ वॉल पुन्हा लागू करण्यात जातो, कारण ते काम एकच प्रोसेस क्रमाने करते. आठवड्याऐवजी रोज रात्री बेस बॅकअप घेण्याचा प्रस्ताव मी त्या आधारावर मांडला, आणि डेटाबेस परत उभा करण्याचा वेळ सुमारे ५ तासांवरून २ तासांच्या आत आला.

जाहिरातीत कुबरनेटीसवर डेटाबेस चालवण्याचा अनुभव असल्यास प्राधान्य, असेही म्हटले आहे. तो मला फक्त चाचणीच्या वातावरणातला आहे, प्रॉडक्शनमधला नाही, आणि रेझ्युमेतही मी तसेच नमूद केले आहे. आपल्या नावावर माझा अर्ज पुढे जाणार असेल, तर ही बाब आपल्याला आधीच ठाऊक असायला हवी.

रेफरलच्या फॉर्ममध्ये उमेदवाराविषयी थोडक्यात लिहावे लागत असेल, तर पुढील मजकूर आपल्याला पटेल तसा बदलून वापरता येईल:

“अनिकेत आणि मी पूर्वी एकाच कंपनीत काम केले आहे. चालू सेवेला धक्का न लावता पोस्टग्रेसच्या मोठ्या टेबलांत बदल करण्याचे त्याचे काम मी स्वतः तपासले आहे. सध्या तो बॅकअपमधून डेटा परत उभा करण्याचे मासिक सराव सांभाळतो, असे त्याने कळवले आहे. DBRE-2417 या पदासाठी त्याचा विचार व्हावा.”

दुसऱ्या कामाविषयी “त्याने कळवले आहे” हे शब्द मी मुद्दाम ठेवले आहेत, कारण जे आपण पाहिलेले नाही त्याची ग्वाही आपण द्यावी, अशी माझी अपेक्षा नाही.

सोबत रेझ्युमेची पीडीएफ आणि रिकव्हरी सरावाच्या कार्यपद्धतीचा गोषवारा जोडला आहे. गोषवाऱ्यात कंपनीची कोणतीही अंतर्गत माहिती नाही. माझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे. नोकरी बदलण्याचा विचार मी सध्याच्या कार्यालयात अजून सांगितलेला नाही, तेव्हा आपल्या दोघांच्या ओळखीतल्या मंडळींकडे हा विषय कृपया काढू नये.

कंपनीच्या नियमांमुळे, किंवा माझे काम पाहून बराच काळ लोटल्यामुळे, रेफर करणे आपल्याला प्रशस्त वाटत नसेल तर तसे निःसंकोच कळवावे. मी थेट पोर्टलवरून अर्ज करेन. २५ जूनपर्यंत आपले उत्तर कळले तर दोन्हींपैकी कोणत्याही मार्गाने अर्ज वेळेत पोहोचेल. काही विचारायचे असल्यास संध्याकाळी सातनंतर केव्हाही फोन करावा, नंबर रेझ्युमेत दिलेला आहे.

आपला नम्र,
अनिकेत