ओंकारसाठी: आम्ही नसताना घर किडामुंगीपासून कसं राखायचं

शहापूर, बेळगाव
५ जून

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा पहाटेच्या गाडीनं आम्ही दोघं नाशिकला निघतोय. ताईला डॉक्टरांनी प्रवास करायला नको सांगितलंय, त्यामुळं बाळंतपण तिकडंच. दिवाळीच्या आधी परत येऊ. म्हणजे पाऊस सुरू होतानाच घर तुझ्या हाती देतेय आणि पाऊस संपल्यावर परत घेणार. घरात कीड शिरायचे हेच महिने.

तीन वर्षांपूर्वी आम्ही असेच पावसाळ्यात तीन महिने नव्हतो. किल्ली शेजारी होती, आठवड्यातून एकदा दार उघडून दिवा लावायचे. परत आलो तर माजघरातल्या कपाटाला वरून काही झालेलं नव्हतं, पण दार ओढलं तर फळीच हातात आली. मागच्या भिंतीतून वाळवी आत गेली होती. तुझ्या आजोबांच्या हातानं लिहिलेल्या भजनांच्या चार वह्या होत्या त्यात, एकीचं पान राहिलं नाही. म्हणून हे सगळं एवढं बारीक लिहितेय. औषधापेक्षा रोज कुणीतरी डोळे उघडे ठेवून घरातून फिरणं महत्त्वाचं, आणि त्यासाठीच तुला राहायला बोलावलंय.

रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी सोप्यापासून मागच्या पडवीपर्यंत एक फेरी मार. दहा मिनिटं लागतील. बॅटरी घेऊन जा, माजघरात दिवसाही नीट दिसत नाही. भिंत आणि फरशी मिळते तो सांधा, दारांच्या चौकटी खालून हातभर, जिन्याखाली आणि कपाटांच्या मागं बघायचं. (कपाटं भिंतीपासून वीतभर पुढं ओढून ठेवलीत, परत भिंतीला लावू नकोस.) पेन्सिलीएवढी जाड, मातीची वाकडीतिकडी रेघ वर चढलेली दिसली तर ती वाळवीची नळी. लगेच झाडून टाकू नकोस. आधी फोटो काढून मला पाठव, मग मधलं दोन बोटं एवढं मोड आणि तिथं तारीख लिहिलेला कागद चिकटव. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोडलेलं परत सांधलेलं दिसलं तर आत वाळवी जिवंत आहे. तेव्हा औषध मारणाऱ्या माणसाला फोन करायचा, त्याचा नंबर तुला पाठवलाय. रॉकेल ओतू नकोस. दिसतात तेवढ्या मरतात, बाकीच्या जमिनीतून दुसरी वाट काढतात. चौकटीवर बोटानं टकटक करून बघ. भरीव लाकूड आणि पोकळ लाकूड यांचा आवाज दोन दिवसांत ओळखायला येईल. देवघराची चौकट फणसाची आहे, तिच्याकडं जास्त लक्ष दे.

वाळवीला ओल लागते. रात्री मोठा पाऊस झाला की सकाळी मान वर करून कौलांखालचे वासे बघायचे. मांजरं उड्या मारतात आणि मंगळुरी कौल सरकतं, थेंब वाशावर पडत राहतो. ओला डाग दिसला तर खाली बादली ठेव आणि मामांना सांग, ते माणूस पाठवतील. तू स्वतः शेवाळलेल्या कौलांवर चढायचं नाही, हे मी तुझ्या आईला शब्द देऊन ठेवलंय.

आता स्वयंपाकघर. रात्री मोरीत एकही खरकटं भांडं नको. झुरळं अंधारात पाण्यासाठी आणि खरकट्यासाठी येतात. चहाचा कप असला तरी विसळून पालथा घालायचा, कट्टा पुसून कोरडा करायचा, फडकं पिळून दोरीवर टाकायचं आणि मोरीच्या जाळीवर ती पितळेची ताटली झाकायची. ओला कचरा सकाळी महानगरपालिकेच्या गाडीत गेलाच पाहिजे. झोप लागून गाडी चुकली तर झाकणाच्या डब्यात घालून मागच्या पडवीत ठेव. घरात नको. बाहेरून मागवलंस तर खोकी साठवू नकोस, पुठ्ठ्याच्या घडीत झुरळं अंडी घालतात. गॅसच्या सिलिंडरमागं, फ्रिजखाली आणि वरच्या फळीच्या कोपऱ्यात बोरिक पावडर, कणीक आणि साखर दुधात मळून केलेल्या गोळ्या ठेवल्यात. पावसात त्यांना बुरशी येते आणि मग झुरळ तोंड लावत नाही, म्हणून तीन आठवड्यांनी बदलायच्या. पावडरीचा डबा वरच्या फळीवर आहे, त्यावर लाल दोरा बांधलाय. हात साबणानं धू. शेजारची छोटी खेळायला आली तर तिला स्वयंपाकघरात एकटी सोडू नकोस.

पाली हाकलू नकोस, त्या आपलंच काम करतात.

साडेपाच-सहाला दारं-खिडक्या लावून घे आणि कडुलिंबाचा वाळका पाला घालून धूप फिरव. पण डेंग्यूचा डास दिवसा चावतो. तेव्हा धुपावर विसंबायचं नाही, पाण्याकडं बघायचं.

म्हणून रविवारची सकाळ पाण्याची. अंड्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला एकदा साठवलेलं सगळं पाणी मोडायचं. आपल्याकडं नळ रोज येत नाही, त्यामुळं हंडे, पिंप, न्हाणीघरातला हौद भरलेलेच असतात. नुसतं पाणी ओतून परत भरू नकोस. डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. काथ्यानं घासायचं, मग भरायचं आणि झाकायचं. हौद मोठा आहे. त्यातलं पाणी अर्ध्यावर येऊ दे, मग नळ यायच्या आदल्या दिवशी घास. गच्चीवरच्या टाकीचं झाकण नीट बसलंय ना बघ, आणि ओसंडायच्या नळीला बांधलेली जाळी जागेवर आहे ना तेही. मागच्या वाऱ्यात सुटली होती. विहिरीत गप्पी मासे आहेत, त्यांना काही घालायचं नाही. ते अळ्या खातात. विहिरीत ब्लिचिंग मात्र टाकू नकोस.

लोक विसरतात त्या जागा सांगते: फ्रिजच्या मागचा छोटा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा (मी बहुतेक काढून टाकल्यात), परसात नारळीखाली पडलेल्या करवंट्या, पन्हळीत अडकलेला आंब्याचा पाला, पाखरांचं मातीचं परळ. परळातलं पाणी रोज बदल, पण परळ काढू नकोस. पाखरांना सवय झालीय.

वरची खोली आणि तिथलं न्हाणीघर तू वापरणार नाहीस. पण गुरुवार-रविवार तिथल्या प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओत आणि संडास एकदा फ्लश कर. मोरीखालच्या वाकड्या नळीत पाणी साचून राहतं, तेच गटारातल्या झुरळांना आणि वासाला अडवतं. ते वाळलं की रस्ता मोकळा. मागच्या वेळी वरच्या खोलीत झुरळं कुठून आली हे मला फार उशिरा कळलं.

उंदरांचं. मागच्या दाराखाली पत्र्याची पट्टी मारून घेतलीय, मोऱ्यांच्या तोंडाला जाळ्या आहेत. आठवड्यातून एकदा भिंतींच्या बाहेरून फिरून बघ. करंगळी जाईल एवढ्या भोकातून उंदराचं पिल्लू आत येतं. नवीन भोक दिसलं तर त्यात फुटक्या काचा घालून सिमेंट भर, अर्धं पोतं पडवीत फळीवर आहे. परसात मातीचा ताजा ढीग दिसला तर ती घूस. मामांना सांग, पाया पोखरते ती. घरात विषाची वडी ठेवायची नाही. माळ्यावर जाऊन मेला तर आठ दिवस वास जात नाही, आणि मेलेला उंदीर मांजरानं खाल्ला तर तेही जातं. पिंजरा आहे, कांदाभजी लाव, लगेच सापडतो. लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नकोस. आधी ब्लिचिंगचं पाणी शिंपड, दहा मिनिटं थांब, मग हातमोजे घालून कागदानं उचल. उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप येतो. पायाला जखम असेल तर परसातल्या साचलेल्या पाण्यात अनवाणी जाऊ नकोस.

उंदरामागं साप येतो. सरपणाचा ढीग मी भिंतीपासून लांब, विटांवर रचलाय. त्यात हात घालण्याआधी काठीनं हलव. साप दिसला तर मारायचा नाही, दार लावून लांब उभं राहायचं आणि सर्पमित्राला फोन करायचा. देव न करो, पण चावलाच तर बांधाबांध, चिरणं काही नाही. थेट सिव्हिल हॉस्पिटल.

धान्य: पन्नास किलो तांदूळ मोठ्या पिंपात आहे, कडुलिंबाचा पाला घालून. सोंडे झालेत का ते पंधरा दिवसांनी वरचा थर परातीत घेऊन बघ. झाले तर चाळून सावलीत पसर. तांदळाला कडक ऊन दाखवू नकोस, दाणा तडकतो आणि भाताची कणी होते. तूरडाळीला दिवेल चोळलंय, तिचं काही बघायला नको. हरभरे-मूग मात्र ऊन पडलं की दोन तास उन्हात टाक. रवा फ्रिजमध्येच. तुला लागेल ते सगळं वापर, विचारायचं नाही.

माझ्या ट्रंकेत आईची शहापुरी लुगडी आणि दोन इरकली आहेत. महिन्यातून एकदा, उघडीप असेल त्या दिवशी, हात कोरडे करून बाहेर काढ, घडी बदल आणि मलमलच्या फडक्यात परत बांध. डांबराच्या गोळ्या जरीला लागता कामा नयेत, म्हणून मी लवंगेच्या पुरचुंड्या ठेवल्यात. चंदेरी, चपळ किडा दिसला तर ती कसर. त्या दिवशी पुस्तकांचं कपाटही उघडून झटक. आणि एरवीही, ऊन असेल तेव्हा अकरा ते दोन खिडक्या उघड्या ठेव. घर कोंदट राहिलं की ही सगळी पिलावळ वाढते.

सोमवारी कांताबाई येतात, जाळी-जळमटं त्या काढतील. त्यांना माळ्यावर चढू देऊ नकोस, त्यांचा गुडघा दुखतो. देवघरातल्या डब्यात तीन हजार रुपये आहेत. जाळी, सिमेंट, औषध, रिक्षा, जे लागेल ते त्यातून. तुझ्या परीक्षेच्या आठवड्यात पाण्याचं आणि सकाळच्या फेरीचं तेवढं कर, बाकीचं राहू दे.

दर रविवारी मला सहा फोटो पाठव: देवघराची चौकट, माजघरातल्या कपाटामागची भिंत, जिन्याखालचा कोपरा, मागचं दार, हौद आणि ट्रंक. सगळं ठीक असलं तरी पाठव. फोन रात्री साडेआठनंतर कर, तोवर ताईचं जेवण झालेलं असतं.

तुझी
मावशी

ता. क. जिन्याखालच्या कोपऱ्यात गेल्या वर्षी एकदा नळी निघाली होती. औषध मारलंय, पण मला अजून त्या कोपऱ्याचा भरवसा वाटत नाही. फेरी तिथूनच सुरू कर.