दुचाकी सुट्या भागांचे घाऊक दुकान, नाशिक: २०२४-२५ च्या ऑर्डरींचे पॅरेटो विश्लेषण

कालावधी: १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५
कोणासाठी: दुकानाचे दोन्ही भागीदार, खरेदी आणि वसुली पाहणारे कर्मचारी

कोणत्या थोड्या वस्तू आणि कोणते थोडे ग्राहक बहुतेक उत्पन्न देतात हे शोधणे म्हणजे पॅरेटो विश्लेषण. वर्षभरात ४१२ प्रकारचा माल ५३८ ग्राहकांना विकून दुकानाला १ कोटी ८६ लाख ४० हजार रुपयांचे ऑर्डर उत्पन्न झाले. त्यातले ८० टक्के ५८ वस्तूंनी आणि ८३ ग्राहकांनी दिले. पण या दोन याद्या हातात आल्या म्हणून काम संपले असे नाही. सर्वांत मोठी विक्री देणारी वस्तू नफ्यात बरीच खाली आहे. सर्वांत मोठा ग्राहक पैसे सर्वांत उशिरा देतो. दुकानाचा खरा आधार पहिल्या दहा ग्राहकांच्या मागे असलेले ७३ ग्राहक आहेत, आणि त्यांच्याकडे सध्या कोणी ठरवून पाहत नाही.

आकडे कसे घेतले

बिलिंग सॉफ्टवेअरमधून काढलेली बेरीज, कर वगळून, १९७.९५ लाख होती. त्यातून रद्द झालेल्या ऑर्डरी (६.१२ लाख), परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोट (३.२८ लाख) आणि बिलात लावलेले वाहतूक भाडे (२.१५ लाख) वजा केले. उरले १८६.४० लाख. पुढची सगळी टक्केवारी याच रकमेवर आहे.

कर वगळणे गरजेचे होते. २०२४-२५ मध्ये बहुतेक सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता, इंजिन ऑइलवर १८ टक्के. करासकट रक्कम घेतली असती तर ऑइलचा वाटा विनाकारण कमी दिसला असता.

सर्वांत जास्त वेळ नावे जुळवण्यात गेला. वस्तूंची ४४७ नावे होती, जुळवल्यावर ४१२ उरली. एकच क्लच केबल तीन नावांनी नोंदलेली होती आणि तिन्ही जागी ती किरकोळ विक्रीची वाटत होती. एकत्र केल्यावर ती पहिल्या चाळिसात आली. ग्राहकांची ६०१ नावे होती. एकाच गॅरेजचे बिल कधी मालकाच्या, कधी मुलाच्या, कधी गॅरेजच्या नावाने निघते. जीएसटी क्रमांकावरून आणि जिथे तो नाही तिथे मोबाइल नंबरावरून जुळवल्यावर ५३८ उरले. हे न करता पॅरेटो काढला तर मोठे ग्राहक तुकड्यांत विखुरतात आणि यादी खोटी ठरते.

पुढच्या वेळी हेच काम दुकानात करता यावे म्हणून सूत्रे देत आहोत. Orders शीटमध्ये D रकान्यात वस्तूचा कोड आणि H मध्ये करपूर्व रक्कम आहे. नव्या शीटच्या A मध्ये प्रत्येक कोड एकदाच लिहायचा, B मध्ये पहिले सूत्र आणि C मध्ये दुसरे:

```
=SUMIFS(Orders!$H:$H,Orders!$D:$D,A2)
=SUM($B$2:B2)/SUM($B$2:$B$413)
```

B रकाना आधी सूत्राशिवाय नुसते आकडे म्हणून चिकटवावा, मग A आणि B एकत्र निवडून B च्या मोठ्यापासून लहानापर्यंत क्रम लावावा आणि त्यानंतरच C भरावा. शेवटच्या ओळीत १०० टक्के यायलाच हवेत. त्याआधी B ची एकूण बेरीज १८६.४० लाखांशी ताडून पाहावी. ती कमी भरली तर एखादा कोड A मध्ये लिहायचा राहून गेला आहे.

वस्तू

| क्र. | वस्तू | विक्री (लाख रु.) | वाटा | एकत्रित वाटा |
|---|---|---|---|---|
| १ | इंजिन ऑइल 20W40, ९०० मिली | १९.५७ | १०.५% | १०.५% |
| २ | चेन-स्प्रॉकेट सेट, १०० सीसी | १५.२८ | ८.२% | १८.७% |
| ३ | बॅटरी, १२ व्होल्ट | १२.१२ | ६.५% | २५.२% |
| ४ | ब्रेक शू | ९.८८ | ५.३% | ३०.५% |
| ५ | क्लच प्लेट सेट | ८.५७ | ४.६% | ३५.१% |
| ६ | इंजिन ऑइल 10W30, ९०० मिली | ७.८३ | ४.२% | ३९.३% |
| ७ | ट्यूब 2.75-18 | ६.१५ | ३.३% | ४२.६% |
| ८ | ब्लॉक-पिस्टन किट | ५.२२ | २.८% | ४५.४% |

आठ वस्तूंत ४५.४ टक्के उत्पन्न. ५८ वस्तूंपर्यंत (एकूण वस्तूंच्या १४ टक्के) ते ८०.१ टक्क्यांवर जाते. हा 'अ' गट, १४९.३१ लाखांचा. पुढच्या १२१ वस्तू 'ब' गटात, २७.७७ लाख. उरलेल्या २३३ वस्तूंचा 'क' गट फक्त ९.३२ लाख देतो, म्हणजे एका वस्तूमागे वर्षाला सरासरी ४,००० रुपये. २० टक्के वस्तूंतून ८० टक्के उत्पन्न, हे ८०-२० चे प्रमाण नियम नसून ढोबळ अनुभव आहे. आपल्याकडे वस्तूंचे प्रमाण ८०-१४ निघाले म्हणून काही बिघडलेले नाही.

आता हीच यादी नफ्यावर लावून पाहू. पहिल्या क्रमांकाच्या ऑइलवर ४ टक्के सुटतात, म्हणजे वर्षाला सुमारे ७८ हजार. चौथ्या क्रमांकाच्या ब्रेक शूवर १७ टक्के सुटतात, म्हणजे सुमारे १ लाख ६८ हजार. ऑइलच्या निम्म्या विक्रीत दुपटीहून जास्त नफा. दुकानाच्या २२.३७ लाख ढोबळ नफ्यात 20W40 चा वाटा ३.५ टक्केच आहे. तरी ऑइल कमी करू नये. गॅरेजवाला ऑइलसाठी फोन करतो आणि त्याच फोनवर ब्रेक शू, फिल्टर, केबल सांगतो. मात्र ऑइलचा भाव आणखी पाडून ग्राहक ओढण्यात अर्थ नाही, तिथे सोडायला काही उरलेलेच नाही.

'क' गटाबद्दल घाईने निर्णय घेतला तर नुकसान होईल. विक्री ५ टक्के असली तरी त्यावर सरासरी २७ टक्के सुटतात, त्यामुळे नफ्यात त्याचा वाटा सुमारे ११ टक्के आहे. शिवाय गास्केट सेट, ऑइल सील, सर्क्लिप अशा वस्तू ब्लॉक-पिस्टन किटच्या बिलातच जातात. दीडशे रुपयांचा गास्केट सेट नसेल तर गॅरेजवाला किटसुद्धा दुसऱ्या दुकानातून घेतो, कारण गाडी उघडून ठेवलेली असते आणि त्याला सगळे एकाच फेरीत हवे असते. बिले तपासून २३३ पैकी १०४ वस्तू 'सोबतचा माल' म्हणून वेगळ्या काढल्या आहेत (विक्री ६.४१ लाख). त्या ठेवायच्या, पण प्रत्येकी दोन-तीन नग. उरलेल्या १२९ (२.९१ लाख) मागणी आली की मागवाव्यात.

विक्रीच्या यादीत न दिसणारा एक भागही आहे. वर्षात एकदाही न विकलेल्या ७३ वस्तू गोदामात पडून आहेत, खरेदी किमतीने २.३८ लाखांच्या. विक्रीवरून काढलेल्या पॅरेटोत त्या येतच नाहीत, म्हणून स्टॉकच्या नोंदवहीतून वेगळ्या काढल्या. यातला बराच माल बंद झालेल्या मॉडेलचा आहे. पुरवठादार परत घेत असेल तर आधी तो द्यावा. नाहीतर जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजना लॉटने काढावा.

चेन-स्प्रॉकेटचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी आहे. ऑक्टोबरमध्ये, ऐन दसरा-दिवाळीच्या तोंडावर, ११ दिवस माल नव्हता. वर्षाला २,००० सेट म्हणजे कामाच्या दिवशी सुमारे ७ सेट. सरासरी ७६४ रुपये धरले तर जवळपास ५९ हजारांची विक्री गेली. ज्या वस्तूचा साठा संपतो तिची विक्री कमी दिसते, म्हणून पुढच्या खरेदीत ती कमी मागवली जाते आणि ती पुन्हा संपते. हे थांबवायला फेरमागणीची पातळी ठरवावी: रोज ७ सेट, माल यायला ५ दिवस म्हणजे ३५, वर २० राखीव. साठा ५५ सेटवर आला की त्याच दिवशी ऑर्डर.

ग्राहक

८३ ग्राहकांकडून (१५.४ टक्के) १४९.१२ लाख, म्हणजे ८० टक्के उत्पन्न आले. पहिल्या दहांचे ७१.०२ लाख (३८.१ टक्के). नवव्या क्रमांकाचा ग्राहक सोडला तर एकदाच खरेदी केलेले २१२ ग्राहक मिळून २.६१ लाख देतात.

पहिला ग्राहक सिन्नरचे किरकोळ दुकान आहे, १४.५४ लाख. त्याला दिलेल्या भावात ८ टक्के सुटतात, म्हणजे १ लाख १६ हजार. पैसे सरासरी ७४ दिवसांनी येतात, त्यामुळे करपूर्व धरूनही सुमारे २.९५ लाख कायम त्याच्याकडे अडकलेले असतात. १२ टक्के व्याजाने त्याची किंमत ३५ हजार होते. हातात उरतात ८१ हजार. या ग्राहकाला आणखी सूट देऊ नये. ४५ दिवसांत पैसे आले तर १ टक्का, असा प्रस्ताव द्यावा.

नवव्या क्रमांकावरचा ग्राहक यादीतून बाजूला ठेवून वाचावा. त्याची ४.१२ लाखांची एकच ऑर्डर नवे दुकान भरण्यासाठी होती, त्यानंतर काही आलेले नाही. चौथ्या क्रमांकाची काळजी खरी आहे. महिन्याला सरासरी ६२ हजारांची खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्ये २७ हजारांवर आली. वर्षाच्या बेरजेत ही घसरण झाकली जाते. भागीदारांपैकी एकाने या आठवड्यात स्वतः जाऊन भेटावे.

११ ते ८३ क्रमांकाचे ७३ ग्राहक मिळून ७८.१० लाख देतात. प्रत्येकी सरासरी १ लाख ७ हजार, सुटतात १३.५ टक्के, पैसे ३१ दिवसांत. यातला एखादा गेला तरी दुकान हलत नाही, आणि सगळे मिळून पहिल्या दहांपेक्षा जास्त देतात. यातली बहुतेक ओझर, निफाड, दिंडोरीकडची गॅरेज आहेत. पहिल्या दहांना सकाळची डिलिव्हरी मिळते, यांचा माल गाडीत जागा उरली तर जातो. ओझर-निफाड मार्गावर मंगळवार आणि शुक्रवार ठरलेली फेरी सुरू करावी, ऑर्डर आदल्या संध्याकाळी ६ पर्यंत. आणि प्रत्येकाचे दोन ऑर्डरींमधले नेहमीचे अंतर नोंदवून ठेवावे. नऊ दिवसांनी मागवणाऱ्याचा अठरा दिवस फोन आला नाही तर आपण करायचा.

ठरवायचे काय

'अ' गटातल्या ५८ वस्तूंची मोजणी दर सोमवारी, फेरमागणीची पातळी १० मेपर्यंत. 'क' गटातल्या १२९ वस्तूंची साठ्यासाठी नवी खरेदी लगेच बंद. पडून असलेल्या ७३ वस्तूंची यादी पुरवठादारांकडे ५ मेपर्यंत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिमाहीची यादी पुन्हा काढावी. पावसाळ्यात ब्रेक शू आणि केबल वर येतात, म्हणून ती मागच्या तिमाहीशी न ताडता एप्रिल-जून २०२४ शी ताडावी.