पी, आय, एन

"आजोबा, बाणाच्या बटणानं चौकट अक्षरावर न्या, मग ओके एकदाच. दाबून धरलंत तर अक्षर दोनदा उमटतं," सई म्हणाली.

टीव्हीवर प्रोफाइलचा चार आकडी पिन घालायचा होता, पण उघडलं होतं शोधाचं पान. आजोबांनी सावकाश P, I, N ही अक्षरंच टिपली. खाली चित्रांची रांग आली. अंगठा थबकला.

"अगं, 'पिंजरा'! १९७२ चा. शांतारामबापूंचा!"

सईनं मागे जायला हात पुढे केला, तर आजोबांनी ओके दाबून रिमोट छातीशी धरला. सिनेमा सुरू झाला.

"ती खालची इंग्रजी अक्षरं घालव आधी."

वरचं बाणाचं बटण, सबटायटल, बंद. पडदा मोकळा झाला.

"आता आजीला हाक मार. म्हणावं, भाजी राहू दे."